व्हेस्टिंगच्या अटींत बदल करण्याबाबत

पुणे, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

१ जुलैपासून तू पूर्णवेळ तांत्रिक जबाबदारी सोडून आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून काम पाहू लागलास, त्यामुळे आपल्या करारातील व्हेस्टिंगच्या अटी बदलाव्यात असा प्रस्ताव मी मांडत आहे.

१ एप्रिल २०२३ पासूनच्या २७ महिन्यांत तुझ्या ४,८०० शेअरपैकी २,७०० व्हेस्ट झाले आहेत आणि त्यांना कोणताही धक्का लागता कामा नये. चाकणच्या गाळ्यात पहिल्या सेन्सर बोर्डाचे सोल्डरिंग रात्री अडीचपर्यंत तू एकट्याने केलेस, हे मी विसरलेलो नाही. उरलेल्या २१ महिन्यांत मात्र दरमहा १०० ऐवजी ४० शेअर व्हेस्ट व्हावेत, म्हणजे एकूण ८४०, आणि बाकीचे १,२६० दर्शनी किमतीला कर्मचारी ट्रस्टकडे जावेत, कारण तुझ्या जागी येणाऱ्या अभियंत्याला हिस्सा देणे भाग आहे. तू पुन्हा पूर्णवेळ आलास, तर त्या दिवसापासून जुना दर लागू होईल, हेही पुरवणी करारात लिहून घेऊ.

करआकारणीबाबत सीएंचे मत घेतल्याशिवाय आणि तू स्वतःच्या वकिलाला मसुदा दाखवल्याशिवाय सही करू नये, असा माझा आग्रह आहे. आकडा अन्यायाचा वाटला, तर मोकळेपणाने सांग; ३० ऑगस्टला समोरासमोर बसू.

तुझा,
सहसंस्थापक