दगडखाण विस्तार: पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाचा रहिवाशांसाठी सारांश

हवेली तालुक्यातल्या आपल्या गावालगतची दगडखाण आणि खडी क्रशर वाढवण्याचा प्रस्ताव आहे. खाणीचं क्षेत्र ४ हेक्टरवरून ९ हेक्टर होईल. येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता समाजमंदिरात जनसुनावणी आहे. अहवाल जाडजूड आहे. आपल्या कामाचं तेवढं इथे दिलंय.

पाणी. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. भूजलावरचा परिणाम ‘नगण्य’ असं अहवालात म्हटलंय. पण त्याच अहवालाच्या परिशिष्टात मे महिन्यातली विहिरींची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ५६३ मीटर दिली आहे आणि खाणीचा तळ ५५१ मीटरपर्यंत नेणार आहेत. म्हणजे खाण पाण्याच्या १२ मीटर खाली जाणार. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधूनच फिरतं; अशी एखादी भेग खाणीत उघडी पडली, तर पाणी तिकडे झिरपेल आणि विहिरी-बोअर आटू शकतील. उपाय म्हणून पावसाचं पाणी साठवायचं तळं सुचवलंय. विहीर आटली तर भरपाई कोण देणार, यावर अवाक्षर नाही.

धूळ. गावठाणात पीएम१० म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीची पातळी ९२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आढळली. २४ तासांची मर्यादा १०० आहे. विस्तारानंतर ९८ होईल, म्हणून ‘मर्यादेत’. मोजणीच्या दिवशी क्रशर चालू होता का, हे आधी विचारा. क्रशरला पत्र्याचं आच्छादन, पाण्याचे फवारे, डंपरवर ताडपत्री आणि कडेने झाडं, हे उपाय चांगले आहेत. फवाऱ्याला पाणी कुठून आणणार, ते मात्र लिहिलेलं नाही.

वाहतूक. डंपरच्या रोज १४० खेपा. जाणं-येणं धरलं तर दहा तासांत शाळेसमोरून साधारण दर दोन मिनिटांनी एक डंपर. यावर उपाय काय, तर ‘वेगमर्यादेचे फलक’!

सुरुंग. आठवड्यातून दोनदा, दुपारी १ ते २, आधी भोंगा वाजवून. हादरे घरांजवळ मोजावेत आणि आकडे ग्रामपंचायतीत लावावेत, अशी मागणी करता येईल. घराला आधीच तडे असतील तर आताच तारखेसह फोटो काढून ठेवा.

सुनावणीत काय होतं. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात. तिथे मतदान होत नाही आणि गणपूर्तीची अटही नाही. आपण गेलो नाही तरी सुनावणी पार पडते. परवानगीचा निर्णय नंतर राज्यस्तरीय प्राधिकरण घेतं, त्यामुळे आपलं म्हणणं इतिवृत्तात येणं गरजेचं. ‘खाण नको’ एवढंच न म्हणता परिशिष्टातला आकडा वाचून प्रश्न विचारा. त्याचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं.

लेखी हरकत दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर पोच घ्या. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात. तोवर थांबा, आणि काही गाळलं असेल तर तिथल्या तिथे सांगा.