टॅकोमा पूल रेझोनन्सने पडला नाही | फिल्म खऱ्या वेगात लावून इंजिनिअरचं विश्लेषण

थंबनेलवरचा मजकूर
मिनिटाला १८ नाही, १२ पिळे!
(डावीकडे पुलाची एकच स्थिर चौकट, त्यावर माझ्या हाताने काढलेले बाण. उजवीकडे पंख्यासमोरची पुठ्ठ्याची प्रतिकृती.)

वर्णन
टॅकोमा नॅरोज पुलाची ती प्रसिद्ध फिल्म बहुतेक ठिकाणी दीडपट वेगाने दाखवली जाते. इथे ती खऱ्या वेगात लावली आहे, पिळे मोजले आहेत आणि "वाऱ्याची लय पुलाच्या लयीशी जुळली म्हणून पूल पडला" हे रेझोनन्सचं स्पष्टीकरण का टिकत नाही, ते गणित करून दाखवलं आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळला. मुख्य गाळा ८५३ मीटर, रुंदी जेमतेम १२ मीटर, आणि कडेला वारा अडवणाऱ्या २.४ मीटर उंचीच्या भरीव पोलादी तुळया. हे तीन आकडे डोक्यात ठेवून व्हिडिओ पाहा, सगळी गोष्ट त्यातच आहे.

फिल्म सेकंदाला १६ चौकटींनी चित्रित झाली होती, पुढे ती २४ चौकटींनी चालवली गेली. म्हणून पडद्यावर मिनिटाला १८ पिळे दिसतात. त्या दिवशी पुलावर हजर असलेले प्राध्यापक फार्कर्सन यांनी स्टॉपवॉचने मोजलेले पिळे मात्र मिनिटाला १२ होते. मी वेग दोन तृतीयांशावर आणला आणि चौकटी मोजत बसलो, तेव्हा एक पिळा बरोबर पाच सेकंदांचा निघाला. पुलाची ती संथ, जड हालचाल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी स्वतः गप्प झालो होतो. तो क्षण व्हिडिओत कापलेला नाही.

पाच सेकंदांचा पिळा म्हणजे ०.२ हर्ट्झ. तुळयांमागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची लय त्या वाऱ्यात साधारण १ हर्ट्झ येते. दोन्हींत पाचपटीचं अंतर आहे, मग लय जुळणार कशी? उत्तर फ्लटर, म्हणजे पुलाची स्वतःचीच फडफड: पूल पिळला की वाऱ्याचा प्रवाह बदलतो, आणि तो बदललेला प्रवाह पुलाला आणखी पिळतो.

मूळ फिल्म बार्नी एलियट आणि हार्बिन मनरो यांनी चित्रित केली, श्रेय त्यांचं. १८ मिनिटं ४० सेकंदांच्या या व्हिडिओत तिचे तुकडे मिळून २ मिनिटं १० सेकंद आहेत. एकही तुकडा १२ सेकंदांपेक्षा मोठा नाही, आणि प्रत्येकावर मोजमाप, आकृती किंवा माझं बोलणं आहे. फिल्म अखंड पाहायची असेल तर तिच्या अधिकृत संग्रहातच पाहा. हा व्हिडिओ तिची जागा घेत नाही. आकृत्या, गणित, प्रतिकृती आणि आवाज माझे. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मी अकरा वर्षं काम करतो आहे.

टप्पे
0:00 हीच फिल्म, दोन वेग: फरक ओळखा
1:25 १६ आणि २४ चौकटींचा घोळ
4:10 चौकट थांबवून पिळे मोजू
7:02 सकाळी दहाच्या सुमारास केबलचा पट्टा सरकला, तिथून सगळं बदललं
9:48 रेझोनन्सचं गणित फळ्यावर
13:15 पुठ्ठा, रबर आणि टेबलफॅन: घरची चाचणी
16:30 १९५० च्या पुलात काय बदललं
17:50 तुमच्या प्रश्नांसाठी

टॅग
टॅकोमा नॅरोज पूल, पूल का कोसळला, रेझोनन्स की फ्लटर, झुलता पूल, स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग मराठी, इंजिनिअरची रिअ‍ॅक्शन, मराठी विज्ञान, फिल्मचा वेग

हॅशटॅग
#टॅकोमापूल #मराठीविज्ञान #इंजिनिअरिंग

पिन केलेली कमेंट
दुरुस्ती: 11:32 ला मी वाऱ्याचा वेग "ताशी ४२ किलोमीटर" म्हणालो. तो ताशी ४२ मैल होता, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर. फळ्यावरच्या गणितात मैलांवरूनच आकडा घेतला आहे, त्यामुळे उत्तर बदलत नाही.

पुठ्ठ्याची चाचणी करणार असाल तर पट्टीच्या दोन्ही लांब कडांना उभी पट्टी चिकटवा, म्हणजे काप इंग्रजी एच अक्षरासारखा होईल. आधी दोन्ही बाजूंची रबरं सारखी ताणा. मग एका बाजूचं रबर थोडं सैल करा. माझी पट्टी तेवढ्याने वर-खाली व्हायची थांबली आणि पिळायला लागली. तुमची पट्टी पंख्याच्या किती वेगाला पिळली, ते इथे लिहा. पट्टीची लांबी-रुंदीही सांगा, पुढच्या भागात सगळ्यांचे आकडे एकत्र मांडतो.