सोनूच्या लग्नाची यादी: साड्या, दागिने, भांडी

दोन प्रती केल्यात: एक लॉकरमध्ये, एक तुझ्या फाइलीत. हुंडाबंदी कायद्याच्या 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी ठेवायची असते आणि तिच्यावर नवरा-नवरी दोघांच्या सह्या लागतात. लग्नाच्या गडबडीत राहील, म्हणून सत्यनारायणाच्या दिवशी करून घ्या. कोणी दिलं आणि अंदाजे किंमत, ते मागच्या पानावर लिहिलंय.

साड्या

अष्टपुत्री, पिवळी. मामाकडून. गौरीहराला नेसायची. कोरी. हातातल्या बॅगेत, सगळ्यात वर.

पैठणी, जांभळी, येवल्याची. रिसेप्शनला. नवी, फॉल-पिको झालंय, ब्लाउज खांद्यात जरा सैल आहे. मलमलच्या पिशवीत, निळ्या बॅगेत.

आजीची नऊवारी पैठणी. मंगळागौरीला. पदराजवळ दोन ठिकाणी रेशीम विरलंय, मागून जाळी लावून रफू केलंय. निऱ्यांच्या घडीवर जर काळवंडलीये. हँगरला लावू नकोस, जरीच्या वजनानं फाटेल. डांबरगोळ्या अजिबात नकोत. घडी अधूनमधून मोडून वेगळ्या रेघेवर घालायची. माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात. श्रावणात ने.

चंद्रकळा, काळी. पहिल्या संक्रांतीला. कोरी. इथेच, माझ्याकडे. हलव्याचे दागिने आत्ता घेतलेले नाहीत, पावसाळ्यात पाणी सुटतं.

इरकल 2 (एक नवी, एक माझी, दोनदा नेसलेली). हळदीकुंकू, बारशी. लाल ट्रंक.

कॉटनच्या 6, धुतलेल्या, स्टार्च केलेल्या. रोजच्या. लाल ट्रंक.

दागिने

पाटल्या जोडी, 40 ग्रॅम, हॉलमार्क. लग्न, सणवार. नव्या. लॉकर. बिल तुझ्याच नावावर केलंय, फाइलीत आहे.

ठुशी, आजीची. जुनी, म्हणून हॉलमार्क नाही. वजन करून घेतलं, 18 ग्रॅम. गोंडा नवा ओवलाय. मंगळागौरीला घालशील. लॉकर.

नथ, मोत्याची. लग्नात. डावीकडचा एक मोती हलतो, सोनाराकडे दिलीये, बुधवारी मिळेल. मग लाल डबीत, कापसात. सेंट मारून झाल्यावरच घालायची.

मंगळसूत्राची माहेरची वाटी. नवी. माझ्या पर्समध्ये. ती कोणाकडे देऊ नका.

पैंजण, जोडवी, चांदीची. नवी. निळ्या बॅगेतला चोरकप्पा.

घरातलं

अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, चांदीचे. गौरीहराच्या पूजेला, मग सासरच्या देवघरात. नवे. पूजेच्या पिशवीत, तांदळासकट.

समयांची जोडी, पितळी. रुखवतात मांडायची, नंतर सणावारी. पितांबरीनं घासलेली. खोकं 1.

पुरणयंत्र, माझंच. होळीला लागेल. दांडा सैल आहे पण चालतं. नव्यात पुरण इतकं बारीक निघत नाही. खोकं 1.

कुकर, कढई, डबे. नवे. खोकं 2.

मिक्सर. नवा, सील फोडलेलं नाही. सासूबाईंनी सांगितलंय की घरात आहे, तेव्हा तो इथेच माळ्यावर. पुढे पुण्याला बिऱ्हाड केलंत की घेऊन जा.