पाणी दिवसा द्यायचंय: सौरपंप आणि गायरानावरच्या प्रकल्पाविषयी ग्रामसभेत केलेलं भाषण

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, पुढे बसलेली वडीलधारी मंडळी आणि माझ्या आयाबहिणींनो, रामराम.

मी काही कुठली पुढारी नाही. तीन एकरवाली शेतकरी आहे. मागच्या माघात माझा थोरला रात्री दीडला गव्हाला दारं धरायला गेला. बॅटरी दातांत धरलेली, हातात फावडं. वाफा भरला म्हणून बांध फोडायला वाकला आणि घोट्यापाशी काहीतरी चावलं. तशा चिखलाच्या पायानं तो मोटारसायकलवर मागं बसून तालुक्याला गेला. औषध वेळेत मिळालं, म्हणून आज तो तिथं खांबाला टेकून उभा आहे. त्या रात्रीपासून माझं एकच म्हणणं आहे: पाणी दिवसा द्यायचं.

तुम्ही म्हणाल, वहिनी, साडेसात एचपीपर्यंत वीज तर माफ आहे, मग सोलर कशाला? बरोबर आहे, बिल माफ झालं. पण पाळी माफ झाली का? एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री दहा तास. तेही डीपी जळाला नाही तर. आणि कमी दाबानं मोटर जळाली की रिवायंडिंगचे पैसे कोण देतं? आपणच ना?

आता नीट ऐका, कारण गावात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअर आहे, पण वीजजोडणी नाही, त्यांच्यासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. आपण किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा त्यातच येतो. मला खोटं बोलायचं नाही. सकाळी आठला धार बारीक असते, अकरा ते तीन जोरात चालते, आभाळ आलं की मंदावते. पॅनेलवर धूळ बसली की पाणी कमी होतं, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्यानं पुसायची. एवढं काम आपल्याला जड नाही.

आणि ज्यांच्याकडे जोडणी आहे, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांनी काही बदलायचं नाही. तीच मोटर, तीच विहीर. त्यांच्यासाठी माळावरचा प्रकल्प आहे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला. तिथं तयार झालेली वीज आपल्या सबस्टेशनात जाते आणि शेतीच्या फीडरवर दिवसा येते. पाच एचपीची मोटर साधारण पावणेचार किलोवॉट घेते. आपला प्रकल्प दोन मेगावॉटचा, म्हणजे २००० किलोवॉटचा. आता करा हिशोब, आपल्या फीडरवरच्या किती मोटरी एका वेळी चालतील.

त्याला जागा लागते साधारण दहा एकर. गायरान आपलं तीस एकर आहे. मेंढरंवाल्या अण्णांनी मघाशी विचारलं, आमची जनावरं कुठं जायची? अण्णा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ठरावात लिहूनच घ्यायचं. ओढ्याकडच्या गवताच्या पट्टीला आणि पाणवठ्याच्या वाटेला कुणी हात लावायचा नाही. द्यायचा तो वरचा खडकाळ तुकडा, जिथं कुसळही नीट उगवत नाही. कुणाला स्वतःची पडीक जमीन भाड्यानं द्यायची असेल, तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे आणि ते दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढतं. प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख मिळतात. ते पाणवठ्यावर आणि शाळेवर खर्च व्हावेत, असं माझं मत आहे, तुम्ही ठरवा.

एक काळजी मात्र मलाही आहे. दिवसभर फुकट वीज मिळाली म्हणून बटण चालूच ठेवलं, तर विहिरी मार्चातच तळ गाठतील. म्हणून सौरपंपाबरोबर ठिबकाचा अर्जही भरा. माझ्या शेतासाठी मी भरलाय.

आता कामाचं. सौरपंपाचा अर्ज करणाऱ्यांनी सातबारा आणि आधार घेऊन सोमवारी सकाळी पंचायतीत या. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद हवी, आणि जमीन सामायिक असेल तर भावांची संमती आत्ताच घ्या, तिथंच बरेच अर्ज अडकतात. प्रकल्पाचा ठराव आज इथंच मांडते आहे. अण्णा, ओढ्याकडची हद्द तुम्हीच दाखवा, मंगळवारी मोजणीची टेप घेऊन आम्ही तुमच्यामागं येतो. ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा, आणि ज्यांची नाही त्यांनी उठून बोला, मी उभीच आहे.