तातडीची सूचना: नाचणी बिस्किटे खाऊ नका, परत करा

आमच्या २०० ग्रॅम नाचणी बिस्किटांच्या काही पाकिटांत शेंगदाण्याचे कूट मिसळले गेले आहे. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत शेंगदाणा लिहिलेला नाही. ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्या जिवाला यामुळे धोका आहे.

फक्त हे तीन बॅच परत घेत आहोत: 4172, 4173 आणि 4174. पाकीट उलटे करा. खालच्या शिवणीजवळ काळ्या शाईत हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत आहे. बाकीच्या बॅचमध्ये ही चूक नाही. बिस्किटे डब्यात ओतून पाकीट टाकले असेल आणि क्रमांक कळत नसेल, तर तीही यातलीच समजा.

अशी बिस्किटे खाऊ नका, कोणाला देऊ नका. पाकीट फोडलेले असले तरी दुकानात परत करा. पावती नसली तरी पूर्ण पैसे मिळतील. डब्यातल्या सुट्या बिस्किटांसाठी कृपया दुकानदाराशी बोला. तीही परत घेण्यास आम्ही सांगितले आहे.

बिस्किट खाल्ल्यावर ओठ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर वाट पाहू नका. लगेच १०८ वर फोन करा. पाकीट डॉक्टरांना दाखवा.

ही बिस्किटे मुलांच्या डब्यात जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. झालेली चूक आमची आहे. आम्ही मनापासून माफी मागतो. शाळेच्या दप्तरातला डबाही आज तपासा. शेजारी वाचता न येणारे कोणी असेल, तर त्यांना ही सूचना वाचून दाखवा.