व्हिसाची अपॉइंटमेंट पक्की: मंगळवार, १० मार्च २०२६, सकाळी १०.३०

नमस्कार काका, काकू,

जर्मनीच्या शेंगेन व्हिसासाठी तुम्हा दोघांची अपॉइंटमेंट पक्की झाली आहे. मुंबईचं व्हिसा अर्ज केंद्र, मंगळवार, १० मार्च, सकाळी १०.३०. दोघांची वेळ एकच असली तरी स्लिपा दोन आहेत. त्या या मेलला जोडल्या आहेत. दोन्हींचे प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर दाखवू म्हणून थांबू नका. आत मोबाईल बंद ठेवायला लावतात, आणि दारावरचा माणूस स्लिपवरचं नाव व पासपोर्ट नंबर पासपोर्टशी ताडूनच आत सोडतो. सव्वादहाला दारात असा. फार आधी गेलात तर बाहेरच उभं राहावं लागेल, उशीर झाला तर मात्र नवी तारीख घ्यावी लागू शकते.

स्लिपवरची नावं आजच एकदा पासपोर्टसमोर धरून वाचा. एखादं अक्षर चुकलं असेल तर आत्ता दुरुस्त करता येईल, काउंटरवर नाही.

अर्जाचे फॉर्मही जोडले आहेत. शेवटच्या पानांवर बारकोड आहे, तो पुसट किंवा कापलेला आला तर स्कॅन होत नाही. म्हणून लेझर प्रिंट, ए-फोर कागद, एका बाजूला, सगळी पानं. फुली केलेल्या प्रत्येक जागी सही करा, आणि ती पासपोर्टवर आहे तशीच. काकू, तुमच्या पासपोर्टवर मराठीत सही आहे, फॉर्मवरही मराठीतच करा.

आता मूळ कागद. चालू पासपोर्ट आणि जुने असतील ते सगळे, जुन्यांवरचे व्हिसा मोजले जातात. फोटो प्रत्येकी दोन, ३५ × ४५ मि.मी., सहा महिन्यांच्या आतले, फिक्या पार्श्वभूमीवर. काका, पासपोर्टसाठी काढलेले फोटो शिल्लक आहेत म्हणालात, ते २०१८ चे आहेत. नवीन काढा.

मुलानं पाठवलेलं हमीपत्र हा तुमच्या फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद. त्याची स्कॅन प्रत चालत नाही, तिथल्या कार्यालयाचा शिक्का असलेला मूळ कागदच लागतो, सोबत दोन झेरॉक्स. त्यावर १२ जानेवारीची तारीख आहे, म्हणजे सहा महिन्यांची मुदत आपल्याला पुरते. मूळ प्रत परत मिळाली की जपून ठेवा, विमानतळावर उतरल्यावरही मागू शकतात. मुलाच्या पासपोर्टची आणि तिथल्या रेसिडेन्स परमिटची झेरॉक्स पुरेल.

नातं सिद्ध करायला मुलाचा जन्मदाखला आहेच, पण त्यावर काकूंचं माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. हा सांधा फक्त विवाह नोंदणी दाखल्यानं जुळतो, त्यामुळे तो मूळ स्वरूपात आणाच. दोन्ही दाखले मराठीत आहेत, त्यांची इंग्रजी भाषांतरं मागच्या आठवड्यात तुम्हाला दिली आहेत. ज्याचं भाषांतर त्यालाच टाचणी लावा.

बँकेचं स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्याचं हवं. नेटवरून काढलेला प्रिंट शाखेत नेऊन शिक्का मारून घ्या, आणि अपॉइंटमेंटच्या आठवड्यातलाच घ्या, म्हणजे मार्चची पेन्शन जमा झालेली दिसेल. पेन्शनचा आदेश आणि आयकर विवरणपत्राची पोच सोबत ठेवा. विमा ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांसाठी आहे, २० मे ते २५ जुलै हे सगळे दिवस त्यात धरले आहेत. विमानाचं फक्त आरक्षण जोडलंय, व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नका.

प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स. मूळ कागद एका फोल्डरमध्ये, झेरॉक्स दुसऱ्यात, आणि दोघांच्या फाइली वेगळ्या. लॅमिनेशन किंवा स्पायरल नको, तिथे सगळं सुटं करावं लागतं. मूळ कागद पाहून लगेच परत देतात, काउंटर सोडण्याआधी मोजून घ्या. पासपोर्ट मात्र तिथेच राहतो.

दहाही बोटांचे ठसे घेतील. बोटाला चीर किंवा पट्टी असेल तर ठसा येत नाही, तेव्हा आठवडाभर विळी-सुरी जपून. वयामुळे रेषा फिक्या असतील तर दोन-तीनदा घेतात, घाबरू नका.

फी प्रत्येकी ९० युरो, त्या वेळच्या दरानं रुपयांत, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पावती सांभाळा, तिच्यावरच्या नंबरावरूनच पुढे अर्ज कुठे पोचला ते कळतं. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, जास्तीचे कागद मागवले तर ४५ पर्यंत.

मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, फाइली कापडी पिशवीत आणा. शनिवारी सकाळी फोन करते, तेव्हा दोन्ही फाइली समोर घेऊन बसा, एकेक कागद वाचून ताळा करू.

मेल मिळाल्याचं आणि तारीख चालत असल्याचं दोन ओळींत कळवा.

आपली,
प्राजक्ता
व्हिसा विभाग