नाइटच्या ओव्हरआधी: कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरांचे दोन शब्द

ओव्हर सुरू करण्याआधी दोन मिनिटं घेते. ही स्नेहल. आजपासून आपल्याबरोबर कॅज्युअल्टीत आहे आणि आज तिची इथली पहिलीच नाइट. स्नेहल, तुझं मनापासून स्वागत. हे मामा, या मावशी. सिलिंडर कुठला भरलेला, स्ट्रेचर कुठलं अडतं, सगळं यांना विचार.

आता रांगेचं. बाहेर खिडकीवर केसपेपरला नंबर लागतो, पण दाराच्या आत त्या नंबराला अर्थ नाही. पेशंट दारात आला की बघ: बोलतोय का, श्वास कसा आहे, हात गार आहेत का. मग नाडी, बीपी, एसपीओटू, आणि केसपेपरच्या कोपऱ्यात लाल, पिवळी किंवा हिरवी टिकली. लाल थेट आतल्या खाटेवर, केसपेपर नंतर. खिडकीवर नातेवाईक जातील. पिवळा आतल्या बाकावर, तुझ्या नजरेसमोर. हिरवा बाहेर.

छातीत दुखतंय म्हणाला तर दहा मिनिटांत ईसीजी झालाच पाहिजे. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, असं असेल तर शेवटचं धड कधी होतं ती वेळ विचार आणि मोठ्या अक्षरात लिही. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात.

पावसाळा आहे, म्हणून हे नीट ऐक. पहाटे कुणी पोटात दुखतंय म्हणत येईल, रात्री जमिनीवर झोपलो होतो म्हणेल. ॲसिडिटी समजून त्याला बाहेर बसवू नकोस. मण्यार चावलेली बरेचदा कळतही नाही, खूण शोधूनही सापडत नाही. त्याला वर बघायला सांग. पापण्या पडत असतील तर तो लाल. विंचू चावलेलं मूल घामाघूम आणि हातपाय गार असेल, तर तेही लाल.

ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. गप्प बसलेल्याकडे आधी जा.

एकदा लावलेली टिकली कायमची नसते. पिवळ्या बाकावर दर अर्ध्या तासाने फेरी मार. बिघडलेला दिसला तर सीएमओंना लगेच उठव, तीन वाजलेले असले तरी. दोन रंगांत शंका आली तर वरचा लाव. त्यावरून तुला कुणी बोलणार नाही, ते माझ्याकडे.

लोक चिडतील, ‘आम्ही तासभर बसलोय, त्याला आधी का?’ रात्री गाव सोडून आलेली माणसं असतात. जवळ जाऊन सांग: ‘आतल्या पेशंटला श्वास घेता येत नाहीये. तुमच्या मुलाची नाडी आत्ताच पाहिली, ठीक आहे. अर्ध्या तासाने परत बघते.’ आणि अर्ध्या तासाने खरंच जा.

आज दारावर तू आणि मी. टिकली तू लाव, मी मागे उभी आहे. पिवळ्या बाकावर आत्ता तिघं आहेत, ओव्हर तिथूनच घेऊ.